दुखणारी टाच आणि खेळाचा हिशेब

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे रोज मैदानावर जातात त्यांना मी आधी दोन प्रश्न विचारतो. खेळून आल्यावर, बूट काढताना, तुमची टाच दुखते का? आणि दुखत असेल तर ते तुम्ही घरी सांगता का? दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. पनवेलला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, तो सकाळी जिना उतरताना चवड्यांवर चालतो आहे असे माझ्या लक्षात आले. मी विचारले, "असा मांजरासारखा का चालतोस रे?" तो म्हणाला, "असंच. गंमत." तीन दिवसांनी पुन्हा तेच. संध्याकाळी सराव करून आला तेव्हा तर स्वारी चक्क लंगडत होती. मग मात्र त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, "मामा, दोन्ही टाचा दुखतात. उजवी जास्त. पण बाबांना सांगू नकोस. सरांना कळलं तर संघातून काढतील."

बारा वर्षांखालील संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती, आणि दुखणे दीड महिना जुने होते.

गोष्ट लपून राहणारी नव्हतीच. घरात तीन मते पडली. भाऊजी म्हणाले, "खेळाडूला दुखायचंच. पळता पळता मोकळं होईल." आजी म्हणाली, "खेळ बंद करा म्हणजे दुखणं बंद." आणि मी, पंचवीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, मोठ्या अधिकाराने म्हणालो, "वाढतं अंग आहे, दुखणारच. नाहीतर बूट चावला असेल." तिघेही थोडे थोडे बरोबर होतो आणि पुरते चुकत होतो. ते कसे, हे सांगायचे तर टाचेच्या आत शिरावे लागेल.

अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला तपासले तेव्हा एकही यंत्र वापरले नाही. त्याला पालथे झोपवले आणि टाचेचा मागचा भाग अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये धरून दोन्ही बाजूंनी दाबला. पोरगा ओरडला. टाचेच्या तळव्याला मधोमध दाबले तेव्हा मात्र फारसे दुखले नाही. सूज नव्हती, लाली नव्हती, ताप नव्हता. पडल्याची किंवा पाय मुरगळल्याची आठवण नव्हती. खेळताना दुखायचे, खेळानंतर वाढायचे, विश्रांतीने कमी व्हायचे. डॉक्टर म्हणाले, "टाचेच्या वाढीच्या पट्टीला त्रास होतोय. या वयात टाच दुखण्याचं हेच नेहमीचं कारण." मला पुराव्याची हौस. मी म्हणालो, "क्ष-किरण चित्र काढू या का?" ते हसून म्हणाले, "काढू, पण त्यात दिसेल ते निरोगी मुलाच्या टाचेतही दिसतं." हे उत्तर मला तेव्हा पटले नाही. नंतर वाचले तेव्हा पटले.

आपल्या टाचेचे हाड जन्मतः एकसंध तयार नसते. सात-आठ वर्षांच्या सुमारास, मुलींमध्ये त्याच्या थोडे आधी, या हाडाच्या अगदी मागच्या कडेला हाडाचा एक वेगळा तुकडा तयार होऊ लागतो. त्याचा आकार चंद्रकोरीसारखा असतो. मुख्य हाड आणि ही कोर यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तसली मऊ पण चिवट वस्तू. या थरालाच वाढीची पट्टी म्हणू या. येथे नव्या पेशी तयार होतात, त्यांचे हाड बनते आणि टाच मोठी होते. चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारास पट्टीचेही हाड होऊन जाते आणि कोर मुख्य हाडाला कायमची चिकटते. आता क्ष-किरण चित्रात हाड पांढरे दिसते आणि कूर्चा दिसतच नाही. त्यामुळे निरोगी मुलाच्या चित्रातही टाचेमागचा तुकडा सुटा दिसतो. कधी तो जास्त पांढरा असतो, तर कधी दोन-तीन ठिकाणी तुटल्यासारखा दिसतो. तो तुटलेला नसतो, तो तसाच घडत असतो. चित्र काढतात ते दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी, आणि तेही शंका असेल तेव्हाच.

या दुखण्याचे वर्णन अमेरिकेतील जेम्स सेव्हर या अस्थिशल्यतज्ज्ञाने 1912 मध्ये केले. म्हणून पुस्तकांत त्याला 'सेव्हरचा रोग' म्हणतात. माझ्या मते हे नाव सोडून द्यावे. यात जंतू नाहीत, संसर्ग नाही, पुढे जन्मभर टिकणारे काही नाही. पट्टी भरून आली की हे दुखणे राहायला जागाच उरत नाही. घरात 'रोग' हा शब्द नुसता उच्चारला तरी आजीच्या हातापायातले बळ जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. या पातळ थरावर ओढ पडते तरी किती?

पोटरीचे स्नायू खाली एका जाड कंडरेत उतरतात. ती अकिलीस कंडरा. जुनी माणसे तिला धोंडशीर म्हणतात. टाचेच्या वर मागून चिमटीत धरलीत तर दोरखंडासारखी हाताला लागते. तिचे खालचे टोक बरोबर त्या मागच्या कोरीवर येऊन बसते. टाच उचलायची म्हणजे हा दोरखंड वर ओढायचा.

मी भाच्याचा पाय फूटपट्टीने मोजला. घोट्याच्या सांध्यापासून चवड्यापर्यंतचे अंतर 12 सेंटिमीटर आणि घोट्यापासून मागे कंडरेपर्यंतचे 4 सेंटिमीटर भरले. वजन 30 किलो. समजा, तो एका पायाच्या चवड्यावर उभा आहे. जमीन त्याच्या चवड्याला 30 किलोच्या वजनाइतक्या जोराने वर ढकलते. घोटा हा टेकू धरला, तर पुढच्या बाजूला 30 गुणिले 12 म्हणजे 360, आणि मागच्या बाजूला कंडरेची ओढ गुणिले 4. दोन्ही सारखे व्हायचे तर ओढ 90 किलोच्या वजनाइतकी हवी. म्हणजे शरीराच्या वजनाच्या तिप्पट. आणि हे नुसते उभे राहताना!

येथे एखादा चौकस विद्यार्थी मला अडवील. तो म्हणेल, "सर, पुस्तकात तर टाच उचलणे हे दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण दिले आहे. टेकू चवड्यापाशी, भार मध्ये घोट्यावर आणि बल टाचेला. अशा तरफेत बल भारापेक्षा कमी लागते. मग 30 किलोच्या मुलाला 90 किलोची ओढ कशी?" शंका उत्तम आहे, आणि दरवर्षी कोणीतरी ती विचारतोच. उत्तर असे की घोट्यावरचा भार 30 किलो नसतो. कंडरा टाचेला वर ओढते तेव्हा तिचे वरचे टोक नडगीच्या बाजूला खाली ओढत असते. म्हणून घोट्यावर शरीराचे वजन अधिक कंडरेची ओढ, एवढा भार पडतो. आता चवड्यापासून अंतरे घ्या. ओढ गुणिले 16 बरोबर (30 अधिक ओढ) गुणिले 12. हे समीकरण वहीत सोडवून पाहा. ओढ 90 च येते, भार 120 येतो आणि 90 हे 120 पेक्षा कमीच आहे. तरफ कोणत्याही प्रकारची म्हटली तरी टाचेला चुकवता येत नाही.

धावताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. दुप्पटच धरला तरी कंडरेची ओढ 180 किलोच्या वजनाइतकी होते. उडी मारून खाली येताना ती आणखी वाढते. शिवाय तळव्याखालून एक जाड पट्टा टाचेपासून बोटांकडे जातो, तो त्याच कोरीला पुढे खेचत असतो. आणि टाच जमिनीवर आपटते तो दाब वेगळाच. ओढीने जास्त त्रास होतो की आपटण्याने, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण दोन्ही गोष्टी धावण्या-उड्या मारण्यातूनच येतात, तेव्हा आपल्या कामापुरता त्या वादाचा निकाल लागला नाही तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच मुलांच्या टाचा का दुखत नाहीत? एका उडीची ओढ ही पट्टी सहज सोसते. प्रश्न किती वेळा याचा आहे. आमच्या पनवेलच्या वडाळे तलावाचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात पाणी आत येते आणि बाहेरही जाते. आत येणे बाहेर जाण्यापेक्षा जास्त झाले की पातळी चढते, मग पाऊस फार मोठा नसला तरी. पट्टीचेही तसेच. खेळताना तिला बारीक बारीक इजा होते, आणि झोपेत, विश्रांतीत ती भरून निघते. लोखंडी तार वाकवून वाकवून तुटते, पण तारेला रात्री झोप लागत नाही. जिवंत ऊतक आणि तार यांत हा फरक आहे. दुरुस्तीला वेळ मिळाला तर खेळाने हाडे उलट मजबूत होतात. वेळ मिळाला नाही तर पातळी चढत जाते आणि एक दिवस मुलगा चवड्यांवर जिना उतरतो.

म्हणून मी भाच्याला वही दिली आणि मागच्या आठवड्याचा हिशेब लिहायला सांगितला. क्रिकेटचा वर्ग आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास, म्हणजे 10. शाळेच्या फुटबॉलचा सराव तीन दिवस, एकेक तास, म्हणजे 3. रविवारचा सामना 3. एकूण 16 तास. गल्लीत मित्रांबरोबर मोकळे खेळणे शून्य, कारण वेळच नव्हता. सुटीचा वारही शून्य. यातला तिसरा हिस्सा वेळ तो प्रत्यक्ष धावत होता असे धरू. म्हणजे 320 मिनिटे. धावताना एक पाय मिनिटाला साधारण 80 वेळा जमिनीवर टेकतो. 320 गुणिले 80 म्हणजे 25,600. एका आठवड्यात प्रत्येक टाचेवर पंचवीस हजारांहून अधिक वेळा ती 180 किलोची ओढ! हा हिशेब ढोबळ आहे, पण भाऊजींनी तो दोनदा वाचला आणि वही खाली ठेवली.

आणखी दोन गोष्टी चौकशीत निघाल्या. पाऊस सुरू झाल्यावर मैदानात चिखल झाला, म्हणून धावण्याचा व्यायाम सिमेंटच्या फरशीवर होऊ लागला होता. आणि मे महिन्यात त्याला फुटबॉलचे नवे बूट घेतले होते. त्यांचा तळ सपाट, टाचेखाली मऊ काही नाही. असल्या बुटांत टाच खाली राहते, पोटरी ताणलेली राहते आणि कंडरा आधीच तंग असते. म्हणजे बूट चावला होता हे माझे निदान अगदीच खोटे नव्हते. फक्त तो कातडीला चावला नव्हता.

उपाय साधे होते. दोन आठवडे धावणे आणि उड्या बंद. सायकल चालू, पोहणे चालू, कारण त्यात टाच आपटत नाही आणि चवड्यावर सारे वजन येत नाही. जागेवर उभे राहून फलंदाजीचा सराव आणि झेल घेण्याचा सरावही चालू. दुसरे, दोन्ही बुटांत टाचेखाली एक सेंटिमीटर जाडीची मऊ रबरी चकती. ही आम्ही बाजारातल्या बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडून कापून घेतली. दुखणे एकाच पायात असले तरी चकती दोन्ही बुटांत घालतात, नाहीतर एक पाय लांब होतो. चवडा ते टाच 16 सेंटिमीटर, त्यात टाच एक सेंटिमीटरने उचलली तर पाऊल साडेतीन अंशांनी कलते. एवढ्याने कंडरा थोडी सैल पडते आणि आपटण्याचा दाबही मऊ होतो. तिसरे, खेळानंतर बर्फ, तो फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे. उघडा बर्फ कातडीला लावायचा नाही. चौथे, भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. हे हळूहळू करायचे, आणि टाच फार दुखत असेल त्या दिवसांत करायचे नाही. पाचवी गोष्ट न करण्याची आहे. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरायचे नाही. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची तार कापण्यासारखे ते आहे.

निवडीचा सामना हुकला. मुलगा दोन दिवस जेवला नाही नीट. याची भरपाई कोणत्याही चकतीने होत नाही आणि मी ती केल्याचा आव आणत नाही. पण तो सामना त्याने लंगडत खेळला असता तर निवड झाली असती, असेही मला वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दाबण्याची परीक्षा पुन्हा केली. दुखणे बरेच उतरले होते. मग एक दिवसाआड अर्धा तास धावणे सुरू केले. नियम एवढाच ठेवला. खेळताना थोडे जाणवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेले, तर चालेल. सकाळी उरले तर पुढच्या वेळी निम्मे खेळायचे. लंगडायला लागला तर त्या क्षणी थांबायचे, मग सामना कोणताही असो. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो नेहमीसारखा खेळू लागला. सर्वांना इतकाच वेळ लागतो असे नाही. कोणाचे दोन-तीन आठवड्यांत जाते, कोणाचे काही महिने रेंगाळते, आणि पट्टी भरून येईपर्यंत ते परत डोके वर काढू शकते.

आता मूळ प्रश्न. दहा वर्षांच्या मुलाने किती खेळावे?

'जितके जास्त तितके चांगले' हे मला मान्य नाही, आणि 'दुखते तर बंद' हेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले आहे की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी चांगली हालचाल हवी. म्हणजे आठवड्याला सात तास. यात गल्लीतले धावणेही आले. हा झाला तळ. वरच्या बाजूला एक सोपा ठोकताळा आहे. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास त्याने आठवड्यात शिस्तबद्ध सराव आणि सामने यांत घालवू नयेत. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. अमेरिकेत शिकागो परिसरातील सुमारे बाराशे मुला-मुलींच्या पाहणीतून तो पुढे आला. ती पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. वयापेक्षा जास्त तास खेळणाऱ्यांत अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या. तसेच शिस्तबद्ध खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असणाऱ्यांतही. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये याला जोड दिली की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुटी असावी, आणि वर्षात एकूण तीन महिने तरी, सलग नव्हे पण महिन्या-महिन्याने, मुख्य खेळापासून दूर राहावे.

हा ठोकताळा न्यूटनच्या नियमासारखा नाही. साडेनऊ तासांत कोणी दुखावेल आणि बारा तासांत कोणी ठणठणीत राहील. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही, हे तुम्ही शिकला असालच. तरी मी तो वापरतो, कारण तो मुलाला स्वतःला मोजता येतो. आणि माझा सगळा आग्रह मोजण्याचाच आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत 2007 पासून चेंडू फेकणाऱ्याचे चेंडू मोजतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला 75 चेंडू फेकले की त्याला थांबवतात, मग संघ हरत का असेना. कारण कोपर आणि खांदा यांनाही अशाच वाढीच्या पट्ट्या असतात. टाचेचे हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. क्रिकेटच्या सरांना फुटबॉलचे तास ठाऊक नसतात, फुटबॉलच्या सरांना रविवारचा सामना ठाऊक नसतो. प्रत्येकाचा सराव आपापल्या जागी माफकच असतो. बेरीज फक्त टाच करते.

भाऊजींचा एक मुद्दा मला टाळायचा नाही. ते म्हणाले, "अहो, मोठे खेळाडू लहानपणी दिवसदिवस मैदानावरच असायचे." असतील. पण आपल्याला नावे कोणाची कळतात? ज्यांची शरीरे ते सोसून गेली त्यांची. तितकाच सराव करून लंगडत, कंटाळून ज्यांनी खेळ सोडला त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. नमुनाच असा निवडलेला असेल तर त्यातून अनुमान काढता येत नाही. शिवाय, जुन्या काळची ती मुले दिवसभर काय करत होती तेही पाहा. थोडे क्रिकेट, थोडे विटीदांडू, झाडावर चढणे, तलावात डुंबणे, मधे सावलीत बसून भांडणे. आता पनवेलच्या नव्या वसाहतींत इमारतींच्या आवारात मातीच उरलेली नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. त्यामुळे मोकळे खेळणे संपले आणि जे उरले ते शुल्क भरून, शिट्टीवर, एकाच खेळाचे. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. आईवडिलांचाही थोडाच.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टाचेचे प्रत्येक दुखणे हेच असेल असे नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सूज किंवा लाली, ताप, काहीही न खेळता बसल्या जागी ठणकणे, उंचावरून पडल्यावर एकदम सुरू झालेले आणि पाय टेकू न देणारे दुखणे, किंवा एकाच टाचेत असून विश्रांती घेऊनही काही आठवड्यांत न हलणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर चकत्या कापत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. तुमचे मोठे भाऊबहीण अकरा-बारा वर्षांपुढचे असतील आणि त्यांच्या गुडघ्याखालचा उंचवटा खेळताना दुखत असेल, तर ते या टाचेचेच भावंड समजा. तेथेही एक कंडरा आणि एक वाढीची पट्टी आहे.

भाच्याचे सध्याचे वेळापत्रक असे आहे. क्रिकेट तीन दिवस, दोन-दोन तास. फुटबॉल एक दिवस, एक तास. सामना एक रविवार सोडून. बुधवार पूर्ण सुटी. सामन्याच्या आठवड्यात दहा तास, एरवी सात. सात तासांच्या आठवड्यात टाचेचा हिशेब 11,200 वर येतो. राहिलेल्या वेळात तो गल्लीत काय खेळतो ते मी विचारत नाही. सरांना हे सारे सांगायला मी स्वतः गेलो. ते आधी नाराज झाले. मग म्हणाले की वर्गात आणखी दोघे मुले चवड्यांवर चालतात, त्यांना पाठवू का? दिवाळीच्या सुटीत चुलतभावांबरोबर सलग चार दिवस टेनिस चेंडूचे क्रिकेट झाले आणि उजवी टाच पुन्हा बोलू लागली. या वेळी त्याने लपवले नाही. वही आणली, बेरीज दाखवली, 14 तास झाले होते. चकत्या परत बुटांत घातल्या आणि पुढचे दहा दिवस सायकल काढली.